जर्सीवर मावेल असं नाव

कॉलेजच्या टेक फेस्टला निघालेला संघ रोबोचं नाव बहुधा नोंदणीचा फॉर्म भरायच्या रात्री ठरवतो. ग्रुपवर दहा-पंधरा नावं येतात, ज्याला जास्त पसंती मिळते ते पक्कं होतं आणि दुसऱ्या दिवशी जर्सीवाल्याकडे पोचतं. तिथे लक्षात येतं, की मोबाइलवर दणदणीत दिसणारं ‘खान्देश इनोव्हेटर्स’ पाठीवर एका ओळीत बसवायचं तर अक्षरं तीन सेंटिमीटरच्या वर जात नाहीत. मग कोणी ते दोन ओळींत तोडतं, कोणी माऊसने बाजूने दाबून अक्षरं उभट करतं. दोन्हीने ते नाव आखाड्याच्या पलीकडून वाचता येत नाही.

हे टाळता येतं, कारण नाव पसंत करण्यापूर्वीच ते मोजता येतं. बोदवडहून भुसावळ, जळगाव किंवा धुळ्याच्या फेस्टला जाणारा एक संघ डोळ्यांपुढे ठेवून हे मोजमाप करून पाहू. संघ कल्पनेतला आहे, यंत्र रोबो-सुमोचं आहे. या खेळाच्या प्रचलित मोठ्या गटात रोबो जास्तीत जास्त 20 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 3 किलो वजनाचा असतो, आणि 154 सेंटिमीटर व्यासाच्या गोल रिंगणातून प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलायचं असतं. त्याच्या पुढे जमिनीला टेकलेलं एक रुंद पातं असतं. ते दुसऱ्या रोबोच्या पोटाखाली घुसवून त्याला उचलायचं आणि रेटायचं, एवढाच डाव.

संघाने चार नावं काढली आहेत असं धरू: ‘खान्देश इनोव्हेटर्स’, ‘तिफण’, ‘पोऱ्या’ आणि ‘वखर’. 

आधी जागा पाहू. नाव तीन ठिकाणी जाणार: जर्सीच्या पाठीवर, फ्लेक्सवर आणि खुद्द यंत्राच्या अंगावर. मध्यम मापाची जर्सी सपाट ठेवली तर छातीची रुंदी साधारण 50 सेंटिमीटर भरते, पण अक्षरं काठापर्यंत नेता येत नाहीत. खांदे आणि काखेकडे कापड वळतं, आणि तिथलं अक्षर मागून पाहणाऱ्याला दिसत नाही. दोन्ही खवाट्यांच्या मधली, सपाट राहणारी जागा सुमारे 30 सेंटिमीटर असते. संघात लहान मापाची जर्सी घालणारं कोणी असेल तर ती आणखी दोन-तीन सेंटिमीटर कमी धरावी, कारण सगळ्यांच्या पाठीवर नाव एकाच आकाराचं हवं आणि ते सर्वांत लहान जर्सीवरून ठरतं.

आता नावाचा फैलाव. अक्षरांची संख्या मोजून तो कळत नाही. ‘र’ अरुंद, ‘ख’ आणि ‘फ’ ऐसपैस, काना जोडला की रुंदी वाढते, आणि ‘व्हे’ किंवा ‘न्दे’सारखं जोडाक्षर मोजणीत एक असलं तरी कापडावर दीड अक्षराची जागा घेतं. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या उंचीला एक एकक मानायचं, आणि अख्खं नाव रुंदीला अशी किती एककं घेतं ते पाहायचं. कोणत्याही टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये नाव जाड ठशात लिहून पडद्यावर पट्टी लावली तरी हे होतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत मिळतात आणि दोन्हींत जाड वळण आहे. मोजणीसाठी आणि नंतर छपाईसाठीही ते चांगले.

‘खान्देश इनोव्हेटर्स’ मधल्या मोकळ्या जागेसह साधारण दहा एककं घेतं. 30 सेंटिमीटरला दहाने भागलं की अक्षराची उंची 3 सेंटिमीटर. ‘वखर’ पावणेतीन एककांत बसतं, म्हणजे तेवढ्याच जागेत त्याची अक्षरं जवळजवळ 11 सेंटिमीटर उंच होऊ शकतात. एवढी मोठी करायची गरज नसते. 8 सेंटिमीटरवर थांबलं तर नाव 22 सेंटिमीटरमध्ये आटपतं, दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा राहते आणि लहान मापाच्या जर्सीवरही तेच चालतं.

पाटीवाल्यांमध्ये एक जुना हिशेब चालतो: दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचं अक्षर, म्हणजे तीन मीटरला अडीच सेंटिमीटर, असेल तर माणूस सहज वाचतो. त्यापेक्षा लांबूनही वाचता येतं, पण मग डोळ्यांना ताण द्यावा लागतो. या हिशेबाने 3 सेंटिमीटरचं नाव साडेतीन मीटरवर सहज वाचता येणं थांबतं आणि 8 सेंटिमीटरचं साडेनऊ मीटरपर्यंत टिकतं. हा हिशेब रोमन मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे हे ध्यानात ठेवायला हवं. देवनागरीत अक्षराच्या पोटात जास्त रेघा असतात, त्यामुळे आपल्या लिपीसाठी तो थोडा उदारच ठरतो. जोडाक्षरांचं नाव असेल तर मी दीडपट उंची धरतो.

माझ्या मते चार एककांच्या आतलं नाव निर्धास्त घ्यावं. चार ते सहामध्ये असेल तर फॉन्ट काळजीपूर्वक निवडावा. सहाच्या पुढे गेलं की ते संघाचं नाव म्हणून फॉर्मवर राहू द्यावं आणि जर्सीसाठी वेगळं छोटं नाव काढावं. लांब नाव लोक आपण होऊन तोडतातच. मंगळावर 2021 साली उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ गाडीला तिच्याच संशोधकांनी ‘पर्सी’ करून टाकलं. आपलं छोटं नाव आपण आधीच ठरवलेलं बरं.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण इथे आठवतं. 2008 च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा शुभंकर म्हणून वाघाचा एक बछडा होता, दिल्लीच्या 2010 च्या स्पर्धांमधल्या ‘शेरा’चा धाकटा भाऊ. त्याचं नाव ‘जिगर’. रोमनमध्ये ते शेवटी दोन आर लावून पाच अक्षरांचं केलं होतं, देवनागरीत तीन अक्षरं आणि एक वेलांटी. 1982 च्या आशियाई खेळांचा हत्ती ‘अप्पू’, रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त 2002 मध्ये आलेला हिरवा दिवा धरलेला हत्ती ‘भोलू’. ही सगळी नावं चार एककांच्या आत आहेत. टोपीवर, बिल्ल्यावर, तिकिटावर, कापडी बाहुलीच्या पोटावर जायचं म्हटल्यावर त्यांना पर्याय नव्हता.

रुंदी झाली. देवनागरीत उंचीचाही एक प्रश्न आहे आणि तो रोमन मोठ्या अक्षरांना पडतच नाही. मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली लोंबतो. वरच्या चिन्हांना अक्षराच्या उंचीच्या साधारण तिसरा हिस्सा जागा लागते, खालच्या उकारालाही जवळपास तेवढीच. नावात दोन्ही असतील, ‘धूमकेतू’सारखं, तर 6 सेंटिमीटरचं अक्षर प्रत्यक्षात 10 सेंटिमीटरची पट्टी खातं. पाठीवर नावाखाली 20-25 सेंटिमीटरचा मोठा आकडा असतो, त्यावर तो उकार जाऊन आदळतो. जर्सीवाला मग आकडा खाली सरकवतो आणि जर्सी खोचल्यावर त्याचा खालचा भाग पँटमध्ये जातो. ‘तिफण’ला फक्त वर वेलांटी आहे, ते चालून जातं. ‘वखर’ला वरही काही नाही आणि खालीही काही नाही; जेवढी पट्टी तेवढं अक्षर.

यंत्राच्या अंगावर तर हा फरक आणखी जाणवतो. 20 सेंटिमीटर रुंद रोबोच्या पुढच्या पात्याची उंची जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असते. तिथे मात्रा-उकाराचं नाव लिहिलं की अक्षराचं मूळ अंग दोन सेंटिमीटरवर येतं. बिनमात्रेचं नाव पात्याची जवळजवळ पूर्ण उंची घेऊ शकतं.

अर्थाच्या बाजूनेही मला ‘वखर’ या यंत्राला शोभतं असं वाटतं. पेरणीआधी काळ्या रानात वखरपाळी घालताना जी लोखंडी पास जमिनीत घुसून ढेकळं आणि धसकटं उपटत जाते, तिचंच काम हे पातं करतं. बोदवड तालुक्यात कपाशी-ज्वारीच्या घरातल्या कोणत्याही मुलाला ते समजावून सांगावं लागणार नाही, आणि परीक्षकाने विचारलं तर उत्तर एका वाक्यात देता येतं. ‘तिफण’ हेही सुरेख नाव आहे, पण त्याला तीन फण हवेत. तीन नळ्यांतून बी टाकणारं किंवा तीन पायांवर चालणारं यंत्र असेल तेव्हा ते राखून ठेवावं.

मात्र ‘वखर’मध्ये एक धोका आहे. ‘ख’चं जुनं वळण म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले ‘र’ आणि ‘व’. ते दोन भाग खाली एकमेकांना जोडलेले नसतील तर पाच मीटरवरून ‘वखर’ चक्क ‘वरवर’ वाचलं जातं. याच घोटाळ्यामुळे छपाईत रूढ झालेल्या ‘ख’मध्ये ‘र’ची शेपटी पुढच्या ‘व’च्या पायाला नेऊन जोडलेली असते. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये, विशेषतः बोरूने लिहिल्यासारख्या नक्षीदार वळणांत, हा जोड एकतर नसतो किंवा केसाएवढा बारीक असतो. 8 सेंटिमीटरच्या अक्षरात तो जोड निदान 4 मिलिमीटर जाड भरला पाहिजे. भरत नसेल तर फॉन्ट बदलावा, नाव बदलायची गरज नाही.

‘पोऱ्या’ची अडचण वेगळीच. नाव लाघवी आहे, खान्देशात घरोघरी हाक मारली जाते ती हीच, आणि अडीच-तीन एककांत बसतं. पण त्यातला अर्धा ‘र’, जो ‘य’च्या आधी छोट्या कोयत्यासारखा दिसतो, तो मराठीला हवाच असतो. साधा ‘र’ टाइप करून पाय मोडला की त्याचा रफार होतो आणि पाठीवर ‘पोर्या’ छापून येतं. बरोबर क्रम असा:

```
पो      U+092A U+094B
ऱ्या    U+0931 U+094D U+092F U+093E
```

इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ’ शिफ्ट दाबून J वर मिळतो. पण तुम्ही अचूक टाइप केलं तरी गोष्ट तिथे संपत नाही. अनेक छपाईच्या दुकानांत अजूनही जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. व्हॉट्सअॅपवरून आलेलं नाव तिथला ऑपरेटर आपल्या कळफलकावर पुन्हा टाइप करतो, आणि हा अर्धा ‘र’ नेमका तिथे हरवतो. पडद्यावर मजकूर युनिकोडचा असेल आणि सॉफ्टवेअर भारतीय लिपीसाठी लावलेलं नसेल तर दुसरी खूण दिसते: ‘तिफण’ची वेलांटी ‘त’च्या उजवीकडे उडी मारते आणि जोडाक्षरांत पाय मोडल्याची खूण उघडी पडते. नमुना तपासताना आधी या दोनच जागा पाहाव्यात.

यावरचा इलाज सोपा आहे. नाव मजकूर म्हणून पाठवायचंच नाही. आपल्या संगणकावर योग्य फॉन्टमध्ये लिहून त्याची अक्षरं आकृतीत बदलायची आणि पीडीएफ द्यायची. डीटीपीवाले याला ‘कर्व्ह करणं’ म्हणतात. कर्व्ह केल्यावर समोर कोणताही फॉन्ट असो वा नसो, अक्षराचं वळण बदलत नाही.

कर्व्ह केल्यानंतर देवनागरीत आणखी एक पायरी लागते, आणि ती सर्रास विसरली जाते. आपल्या फॉन्टमध्ये शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. पडद्यावर हे कळत नाही. पण जर्सीवर चिकटवायचं व्हिनाइल कापणारं यंत्र प्रत्येक आकृतीच्या कडेने सुरी फिरवतं, त्यामुळे जिथे दोन रेघा चढल्या आहेत तिथे शिरोरेषा आडवी कापली जाते. ‘वखर’चे तीन सुटे तुकडे होतात, ते चिकटवताना एखादा अर्धा मिलिमीटर वर-खाली बसतो आणि चार धुण्यांनंतर त्याच फटीतून कोपरा उचलायला लागतो. छपाईत याचंच दुसरं रूप दिसतं: चढलेल्या भागात रंगच भरत नाही आणि शिरोरेषेवर बारीक पांढरे चौकोन उमटतात. म्हणून कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं निवडून ‘वेल्ड’ करायची, म्हणजे त्यांची एकच सलग आकृती होते. नुसत्या बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात जाऊन पाहिलं की झालं की नाही ते लगेच कळतं.

एकदा वेल्ड केलं की शिरोरेषा आपल्या बाजूने काम करायला लागते. रोमन नावाची सहा अक्षरं म्हणजे व्हिनाइलचे सहा सुटे तुकडे. देवनागरी नाव शिरोरेषेमुळे एकच तुकडा राहतं, सरळ ओळीत बसतं आणि सहज सुटत नाही. अपवाद अनुस्वाराचा. तो टिंब कशालाही जोडलेला नसतो. मोठ्या अक्षरात तो नीट टिकतो, पण 3 सेंटिमीटरच्या नावात त्याचा व्यास चार-पाच मिलिमीटर भरतो आणि पहिल्यांदा निघून जातो तो तोच. अनुस्वार असलेलं नाव घ्यायचंच असेल तर ते व्हिनाइलऐवजी कापडात छापून घ्यावं.

कापडात छापणं म्हणजे सब्लिमेशन. आधी कागदावर उलटं छापून साधारण 200 अंश सेल्सिअसच्या दाबयंत्राखाली तो रंग वाफेच्या रूपात पॉलिस्टरच्या धाग्यात उतरवतात. हे सुती कापडावर होत नाही. या पद्धतीत पांढरा रंग नसतो. पांढरं अक्षर हवं तर ती जागा कोरी ठेवून बाकीचं कापड रंगवायचं. म्हणून गडद जर्सीवर पांढरं नाव असेल तर शिवण्याआधीच पाठीचा अख्खा भाग छापला जातो, आणि नंतर नावात एक काना बदलायचा म्हटला तरी तो भाग पुन्हा छापून पुन्हा शिवावा लागतो. व्हिनाइलमध्ये नाव शेवटच्या दिवशीही बदलता येतं. त्याचा तोटा असा, की भडक लाल पॉलिस्टरवर पांढरं व्हिनाइल दाबलं तर उष्णतेने कापडाचा रंग वर चढून अक्षरं गुलाबी पडतात. जळगावच्या उन्हात संघ जाळीदार कापडाच्या जर्सी मागतात, ते योग्यच आहे; फक्त जाळीच्या भोकांवर दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठरत नाही, एवढं फॉन्ट निवडताना पाहावं.

फ्लेक्सबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण जर्सीवर बसलेलं नाव फ्लेक्सवर बसतंच. 6 बाय 3 फुटांच्या फ्लेक्सवर कडेची आयलेटची जागा सोडून 160 सेंटिमीटर मिळतात. दहा एककांचं ‘खान्देश इनोव्हेटर्स’सुद्धा तिथे 16 सेंटिमीटर उंचीने उभं राहतं. त्यामुळेच फ्लेक्सचं डिझाइन आधी केलेल्या संघांना नाव लांब आहे हे कळत नाही. पाहायचं ते एवढंच, की फ्लेक्स स्टॉलच्या मागे लागतो, पुढे अडीच फुटी टेबल आणि त्यापुढे माणसं असतात. खालचा अर्धा भाग झाकला जाणार हे धरून नाव वरच्या तिसऱ्या हिश्श्यात घ्यावं आणि कॉलेजचं नाव, मार्गदर्शक, प्रायोजक हे सगळं त्याखाली.

गावाचं नाव रोबोच्या नावात कोंबू नये असं मला ठामपणे वाटतं. ‘बोदवड वखर’ केलं की पावणेतीनाची सात एककं होतात. गाव स्वतंत्र ओळीत, लहान अक्षरांत यावं. ‘बोदवड’ हे त्यासाठी छान नाव आहे: एक मात्रा, एकही जोडाक्षर नाही, साडेतीन एककं. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीतून स्टेशनची पिवळी पाटी झरकन मागे जाते, तरी ते वाचून होतं. पाठीवर वर 8 सेंटिमीटरचं ‘वखर’ आणि खाली 3 सेंटिमीटरचं ‘बोदवड’ असं ठेवलं तर दुरून नाव आणि जवळून गाव, असं दोन्ही पोचतं.

श्रद्धेची नावंही टाळावीत. शिरसाळ्याचा मारुती तालुक्यातच आहे, बहिणाबाईंचं नाव 2018 पासून आपल्या विद्यापीठालाच आहे, त्यामुळे ही नावं सहज सुचतात. पण जर्सी घामाने भिजते, बादलीत पडते, आणि रिंगणाबाहेर ढकलल्या गेलेल्या यंत्राचं नाव निवेदक माइकवरून ‘हरला’ असं जोडून घेतो. ते ऐकणं कोणालाच आवडणार नाही. ‘चिट्टी’सारखं सिनेमातलं नाव घेतलं तर त्याच फेस्टमध्ये आणखी एखादा चिट्टी भेटायची शक्यता असते.

रोमन रूपही त्याच दिवशी ठरवावं, कारण फॉर्म, गुणपत्रक आणि प्रमाणपत्र बहुधा इंग्रजीतच असतात. `VAKHAR` ही सहा अक्षरं निवेदक फार तर ‘वाखर’ वाचेल. तेवढं चालवून घेता येतं. मोट हे असंच सुटसुटीत देशी नाव, पण `MOT` लिहिलं की त्याचं ‘मॉट’ होणार, म्हणून मी ते यादीतून काढलं असतं. एकदा ठरलेलं स्पेलिंग सगळीकडे तेच वापरावं, नाहीतर प्रमाणपत्रावर एक आणि जर्सीवर दुसरं असं होतं.

शेवटची परीक्षा कागदावर होते आणि तिला फारसा खर्च येत नाही. ए4 कागद आडवा धरला की 29.7 सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे नेमका जर्सीच्या पाठीवरच्या जागेएवढा. चारही नावं अशा कागदांवर, खऱ्या फॉन्टमध्ये, कागद भरेल एवढी छापायची. एकेक कागद मित्राच्या पाठीला पिनेने लावून त्याला कॉलेजच्या मैदानात दहा मीटरवर उभं करायचं, चालायला लावायचं, थोडं तिरकं वळायला सांगायचं. वाचायला बोलवावं ते नाव माहीत नसलेल्या कोणाला तरी, कारण आपल्याला ते पाठ असतं आणि डोळा चुका भरून काढतो. ‘खान्देश इनोव्हेटर्स’चा ‘खान्देश’ कळेल आणि पुढचं अंदाजाने सांगितलं जाईल. ‘वखर’ला कोणी ‘वरवर’ म्हटलं तर ‘ख’चा जोड वाढवून पुन्हा छापायचं.

त्यानंतर जर्सीवाल्याला पीडीएफ देताना लेखी सांगावं, की आधी एकच जर्सी करा. ती हातात आली की पट्टीने अक्षराची उंची मोजायची, उलटी करून एकदा धुवायची, वाळल्यावर शिरोरेषेची दोन्ही टोकं नखाने उचलून पाहायची. ती उचलली नाहीत तर बाकीच्या जर्सींना होकार द्यायचा.